जांगडवर दिलेला माल आणि बुडालेलं दुकान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातले बरेच छोटे उत्पादक आपला माल दुकानात 'ठेवायला' देतात. तांबट आळीतले कारागीर घंगाळं आणि तांबे देतात, आप्पा बळवंत चौकात प्रकाशक पुस्तकं देतात, कोणी साड्या देतं, कोणी दिवाळीचे कंदील. माल विकला गेला की पैसे, नाही विकला तर परत. दुकान चालू असतं तोवर या व्यवहाराचा कागद कोणी उघडत नाही. शटर बंद झालं आणि आत आपले नग अडकले की फोन सुरू होतात. त्या फोनांवर जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरण शेवटपर्यंत तांब्याच्या भांड्यांचंच ठेवलं आहे, म्हणजे धागा सुटणार नाही.

कन्साइनमेंट आणि 'विक्री किंवा परत' हे एकच ना?

दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, पण कायद्यात हे दोन वेगळे व्यवहार आहेत.

कन्साइनमेंटमध्ये दुकानदार तुमचा एजंट असतो. माल तुमचाच राहतो, तो तुमच्या वतीने विकतो आणि कमिशन घेतो. गिऱ्हाईक माल घेतं तेव्हा मालकी थेट तुमच्याकडून गिऱ्हाइकाकडे जाते, दुकानदार मधे कधीच मालक होत नाही.

'विक्री किंवा परत' म्हणजे जांगड. यात दुकानदार संभाव्य खरेदीदार असतो. माल त्याच्या ताब्यात असतो, पण अजून त्याने तो घेतलेला नसतो. पुढे गिऱ्हाइकाला विकताना तो आधी स्वतः विकत घेतो आणि मग विकतो. भाव तुमच्याशी ठरलेला असतो आणि वरचा नफा त्याचा.

तुमचा व्यवहार यांपैकी कोणता, हे कागदाच्या मथळ्यावरून ठरत नाही. दुकानदार हिशेब कसा देतो, विक्रीचा भाव कोण ठरवतं, न विकलेल्या मालाची जोखीम कोणाची, यावरून ठरतं. मी पाहिलेल्या कागदांपैकी निम्म्यांवर 'कन्साइनमेंट' लिहिलेलं असतं आणि आतला व्यवहार सरळ जांगडचा असतो.

दुकान बुडालं तर न विकलेला माल कोणाचा?

कन्साइनमेंटचा असेल तर तुमचा. जांगडचा असेल आणि दुकानदाराने तो अजून 'घेतला' नसेल तर तोही तुमचाच. मात्र या दोन्ही उत्तरांना एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईल. दुसऱ्यात 'घेतला' हा शब्द फसवा आहे, कारण काही न बोलता, काही न करतासुद्धा दुकानदार माल घेतलेला ठरू शकतो.

काही न करता माल त्याचा कसा होतो?

माल विक्री कायदा, १९३०, कलम २४. जांगडच्या मालाची मालकी तीन वाटांनी दुकानदाराकडे जाते. पहिली, तो मंजुरी कळवतो. दुसरी, तो मालकासारखं वागतो, म्हणजे माल पुढे विकतो किंवा गहाण टाकतो. तिसरी, तो माल ठेवून घेतो आणि नकार कळवत नाही. परत करायची तारीख ठरलेली असेल तर ती उलटताच मालकी जाते. तारीख ठरलेली नसेल तर 'वाजवी मुदत' संपल्यावर जाते.

पुरवठादारांचं नुकसान या तिसऱ्या वाटेने सगळ्यात जास्त होतं. चलनावर 'साठ दिवसांत परत' असं लिहिलेलं असतं. साठ दिवस उलटतात, दुकानदार म्हणतो, "राहू द्या हो, सणाला जाईल," आणि आपणही राहू देतो. इथेच भांडी त्याची झाली. तुमच्या हातात उरलं ते पैशाचं येणं. दुकान चालू असताना या फरकाने काही बिघडत नाही, उलट आपल्याला बरं वाटतं. दुकान बुडालं की मालाचा मालक माल उचलतो आणि पैशाचं येणं असलेला माणूस रांगेत उभा राहतो.

तारीख न लिहिणं हा उपाय नाही. वाजवी मुदत किती, हे त्या धंद्याच्या रीतीवरून ठरवावं लागतं, आणि वर्षभर पडून राहिलेल्या मालाबद्दल तुमची बाजू लंगडीच राहणार.

मग 'पैसे मिळेपर्यंत मालकी आमची' असं लिहिलं तर?

जरूर लिहा, या एका ओळीने बरंच वाचतं. कलम २४ मधला नियम दोघांनी वेगळं काही ठरवलेलं नसताना लागतो. इंग्लंडमधले दोन जुने निकाल शेजारी ठेवले की फरक दिसतो, आणि आपलं कलम त्याच इंग्रजी कायद्यावरून घेतलेलं आहे. १८९७ च्या कर्कहॅम विरुद्ध अ‍ॅटनबरो खटल्यात जांगडवर घेतलेले दागिने घेणाऱ्याने गहाण टाकले. न्यायालय म्हणालं, गहाण टाकणं म्हणजे माल स्वीकारणं. दागिने सावकाराकडेच राहिले. १९०६ च्या वायनर विरुद्ध गिल खटल्यात प्रसंग जवळपास तोच होता, पण पावतीवर लिहिलं होतं की हिशेब चुकता होईपर्यंत किंवा माल त्याच्या नावे मांडला जाईपर्यंत मालकी देणाऱ्याचीच. तिथे मूळ मालकाला दागिने परत मिळाले.

ही ओळ चलनावर हवी आणि चलनावर दुकानदाराची सही हवी. माल पोचल्यावर पंधरा दिवसांनी पाठवलेल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापून उपयोग नाही. ती अट त्याने मान्य केली, हे दाखवता आलं पाहिजे.

आणि ही ओळ सगळं वाचवत नाही. दुकानदार कमिशनवर माल विकणारा व्यापारी एजंट असेल आणि त्याने नेहमीच्या धंद्याच्या ओघात एखाद्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला भांडं विकलं, तर कलम २७ प्रमाणे ते भांडं गिऱ्हाइकाचं. त्याच्या घरी जाऊन घंगाळ मागता येत नाही.

दुकान कंपनीचं आहे की एकट्याच्या मालकीचं, याने फरक पडतो?

वर म्हटलेला अपवाद तो हाच. फार फरक पडतो, आणि पुरवठादार हे जवळजवळ कधीच तपासत नाहीत. दुकानात लावलेला जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाका. व्यवसायाचं स्वरूप तिथे दिसतं: प्रोप्रायटरशिप, पार्टनरशिप, प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर दिवाळखोरी संहिता, २०१६, म्हणजे आयबीसी, लागते. पुण्याच्या कंपनीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, याच्या मुंबई खंडपीठापुढे चालतं. एकट्याचं किंवा भागीदारीचं दुकान असेल तर पुण्यात अजून प्रांतिक दिवाळखोरी कायदा, १९२०, लागतो आणि प्रकरण इथल्या जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतं. व्यक्तींसाठी आयबीसीतला भाग आजवर कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरताच लागू झाला आहे.

एकट्याच्या मालकीच्या दुकानात काय धोका?

१९२० च्या कायद्याचं कलम २८(३). खऱ्या मालकाच्या संमतीने एखादा माल दिवाळखोराच्या धंद्यात, त्याच्या ताब्यात असेल आणि परिस्थिती अशी असेल की बघणाऱ्याला तोच मालक वाटावा, तर तो माल दिवाळखोराचाच धरला जातो. म्हणजे तुमचा कागद चोख, मालकी निर्विवाद तुमची, तरी माल सगळ्या घेणेकऱ्यांत वाटायला जातो. यामागचा विचार असा की भरलेलं दुकान बघून लोकांनी त्या माणसाला उधार दिलं, आणि ते भरलेलं दिसण्यात तुमचाही हात होता.

यातून वाचायचं असेल तर 'तोच मालक वाटावा' ही परिस्थिती मोडावी लागते. प्रत्येक भांड्यावर तुमच्या पेढीचं नाव, मांडणीवर 'हा माल अमुक पेढीचा, विक्रीसाठी ठेवलेला' अशी पाटी, दुकानदाराच्या वहीत वेगळं पान. त्या धंद्यात माल असा ठेवायची रीत सर्वांना माहीत असेल आणि ती सिद्ध करता आली, तर तीही कामी येते. पुस्तकांच्या धंद्यात हे मांडणं त्या मानाने सोपं, भांड्यांच्या धंद्यात अवघड.

दुसरा बचाव वेळेचा. कलमात 'मालकाच्या संमतीने' असं आहे आणि बघायची तारीख दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्याची. त्याआधी तुम्ही संमती काढून घेतलीत, म्हणजे माल परत द्या असं खरोखर, लेखी मागितलंत, तर तुमची बाजू उभी राहते. म्हणून दुकानदार डळमळायला लागला की स्पीड पोस्टाने मागणी पाठवा. तोंडी बोलणं झालं असेल तरी पाठवा. संबंध बिघडतील म्हणून लोक थांबतात, पण अर्ज पडल्यानंतर पाठवलेल्या त्याच पत्राला किंमत राहत नाही.

आणि कंपनी बुडाली तर?

आयबीसीत ही 'दिसणाऱ्या मालकी'ची भानगड नाही. प्रकरण सुरू झाल्यावर कंपनीचा कारभार बघायला नेमलेला अंतरिम रेझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे आयआरपी, कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतो. कलम १८ च्या स्पष्टीकरणात साफ म्हटलं आहे की विश्वस्त म्हणून किंवा करारान्वये कंपनीच्या ताब्यात असलेली दुसऱ्याची मालमत्ता त्यात धरायची नाही. पुढे कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कलम ३६(४) दुसऱ्याच्या मालकीचा माल वाटणीबाहेर ठेवतं.

एक हिशेब मांडून बघू. समजा, तांबट आळीतल्या कारागिराने लक्ष्मी रोडवरच्या एका प्रायव्हेट लिमिटेड दुकानाला जांगडवर १२० भांडी दिली, नगाला १,५०० रुपये, एकूण १,८०,००० रुपयांची. पहिल्या चलनावर ६० नग, परतीची तारीख ३० जून. दुसऱ्या चलनावर ६० नग, परतीची तारीख ३१ डिसेंबर. मालकी राखून ठेवणारी ओळ कुठल्याच चलनावर नाही. १० ऑक्टोबरला एनसीएलटी प्रकरण दाखल करून घेते आणि त्याच दिवशी आयआरपी नेमला जातो.

पहिल्या चलनातले ४० नग विकले गेले. त्यातल्या २० चे पैसे, म्हणजे ३०,००० रुपये, कारागिराला मिळाले. २० चे बाकी. उरलेले २० नग मांडणीवर आहेत. दुसऱ्या चलनातले १० विकले गेले, पैसे बाकी. ४४ मांडणीवर आहेत. ६ सापडत नाहीत, विकल्याची नोंदही नाही.

कारागीर दुकानात जातो आणि मांडणीवर आपले ६४ नग बघतो. त्याच्या मते ६४ त्याचे. कायद्याच्या मते ४४. पहिल्या चलनातल्या २० नगांची तारीख ३० जूनला उलटली, कोणी नकार कळवला नाही, ते कंपनीचे झाले. दुसऱ्या चलनाची मुदत चालू आहे, म्हणून ते ४४ नग, ६६,००० रुपयांचे, त्याचे. बाकी सगळं पैशाचं येणं: विकलेले ३०, मुदत उलटलेले २० आणि गहाळ ६ मिळून ५६ नग, ८४,००० रुपये.

दोन चलनांवर 'पैसे मिळेपर्यंत मालकी आमची' ही ओळ असती तर ते २० नग, ३०,००० रुपयांचे, त्याचेच राहिले असते.

दावा कसा करायचा?

दोन वेगळे कागद करा, इथे गोंधळ घालू नका. ८४,००० रुपयांसाठी फॉर्म बी, कारण माल पुरवणारा हा ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे धंद्याच्या व्यवहारातलं येणं असलेला. आयआरपी नेमला गेल्यापासून तीन दिवसांत जाहीर सूचना निघते आणि नेमणुकीपासून चौदा दिवसांत दावा मागवला जातो, म्हणजे आपल्या उदाहरणात २४ ऑक्टोबरपर्यंत. उशिरा दावा करायची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका.

४४ नगांसाठी मात्र फॉर्म बी भरायचा नाही. त्यासाठी आयआरपीला वेगळं पत्र: हा माल आमच्या मालकीचा, सोबत चलन, नगांची यादी, फोटो, तो विकू नये, वेगळा ठेवावा आणि परत द्यावा. पुष्कळ जण घाबरून १२० नगांची मिळून बाकी फॉर्म बीत लिहितात. त्याचा अर्थ, सगळा माल विकला आणि फक्त पैसे येणं आहे, हे तुम्हीच सही करून मान्य केलं. पुढे मालकी सांगायला गेलात की तोच फॉर्म तुमच्यापुढे धरला जातो.

पत्रात ३१ डिसेंबरच्या मुदतीचाही उल्लेख करा आणि त्या तारखेआधी परत मागितल्याचं नोंदवा. नाहीतर प्रकरण चालू असताना मुदत उलटेल आणि त्या ४४ नगांवरही वाद उभा राहील.

माल माझाच आहे, तर टेंपो घेऊन जाऊन उचलू का?

नाही. एनसीएलटीने प्रकरण दाखल करून घेतलं की आयबीसीच्या कलम १४ ची स्थगिती लागते, आणि १४(१)(ड) मध्ये कंपनीच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या मालकानेही परत घेण्यावर बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये राजेंद्र भुट्टा विरुद्ध म्हाडा प्रकरणात हेच कलम जमिनीला लावताना सांगितलं की इथे प्रश्न मालकीचा नसून ताब्याचा आहे. तिथे म्हाडालाही थांबावं लागलं.

एका कलमात तुमचा माल कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत आणि दुसऱ्यात तो उचलूही देत नाहीत, हे विचित्र वाटतं आणि थोडं आहेही. व्यवहारात कागद स्पष्ट असतील तर काही आयआरपी यादी पडताळून माल सोडतात, कारण सांभाळायचा खर्च त्यांच्याच गळ्यात असतो. नाही सोडला तर एनसीएलटीत कलम ६०(५) खाली अर्ज करावा लागतो. ६६,००० रुपयांच्या भांड्यांसाठी मुंबईचा वकील परवडतो का, हे गणित मात्र आधी करा. तीन-चार पुरवठादारांनी मिळून वकील केला तर खर्च विभागला जातो.

विकलेल्या भांड्यांचे पैसे तरी माझे ना?

जांगड असेल तर नाही, दुकानदार तुमचा साधा ऋणको. कन्साइनमेंट असेल तर एजंटाने विक्रीचे पैसे मालकाला द्यायचे असतात. पण ते पैसे त्याच्या चालू खात्यात किंवा सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या, खात्यात मिसळले की 'यातले हे माझे' असं दाखवणं जवळजवळ अशक्य होतं. वेगळं खातं उघडायची अट फक्त मोठे पुरवठादार घालू शकतात. लहानांनी दर पंधरवड्याला हिशेब आणि पैसे घ्यावेत, म्हणजे अडकायची रक्कमच लहान राहते.

बँक म्हणते, दुकानातला सगळा माल आमच्याकडे तारण आहे. खरं का?

दुकानदार जे त्याचं आहे तेच तारण ठेवू शकतो. अडचण अशी की सीसी खात्यासाठी तो बँकेला वेळोवेळी स्टॉक स्टेटमेंट देतो आणि मर्यादा वाढावी म्हणून तुमची भांडीही त्यात आपला माल म्हणून दाखवतो. बँकेला मग तुमचं चलन खोटं वाटतं. माल देतानाच त्याच्या बँकेला एक पत्र पाठवा: अमुक दुकानात आमचा माल विक्रीसाठी ठेवला आहे, मालकी आमची आहे. दुकानदाराला हे आवडत नाही. पत्र पाठवू नका म्हणून तो फार गळ घालत असेल, तर तेही एक उत्तरच समजा.

जीएसटीचं बिल दिलं म्हणजे माल विकला असं होतं का?

आपोआप नाही, पण पुरावा तुमच्या विरुद्ध जातो. जांगडचा माल डिलिव्हरी चलनावर जातो. बिल विक्री झाल्यावर किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांनी, यांत जे आधी येईल तेव्हा करावं लागतं. सहा महिने भरले की हिशेबनीस बिल फाडतो, दुकानदार त्यावरचं क्रेडिट घेतो, आणि पुढे तेच बिल विक्रीचा पुरावा म्हणून समोर येतं. त्याआधी उरलेला माल खरोखर परत आणा आणि हवा तर नव्या चलनावर पुन्हा पाठवा.

कन्साइनमेंटमध्ये एजंट स्वतःच्या नावाने बिल करत असेल, तर त्याच्याकडे माल पाठवणं हाच जीएसटीत पुरवठा धरला जातो आणि तेव्हाच बिल करावं लागतं. तिथे बिलावर 'एजंटाकडे पाठवलेला माल, मालकी हस्तांतरित नाही' असं लिहा. जीएसटीतला पुरवठा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकान बुडायच्या आधीच माल परत आणला तर नंतर कोणी काढून घेईल का?

तुमच्या मालकीचा माल आणलात तर चिंता नाही. फक्त परतीच्या चलनावर नगवार यादी आणि सही घ्या. पण मुदत उलटून दुकानाचा झालेला माल, थकलेल्या बाकीपोटी तुम्ही उचललात, तर इतर घेणेकऱ्यांच्या आधी स्वतःचं भागवून घेतलं असा आक्षेप येऊ शकतो. आयबीसीत बाहेरच्या माणसाबाबत प्रकरण सुरू होण्याआधीचं एक वर्ष तपासलं जातं, दुकानदार नात्यातला असेल तर दोन वर्षं. १९२० च्या कायद्यात अर्जाआधीचे तीन महिने.

चलनावर नेमकं काय लिहू?

एवढं पुरतं: "सोबतच्या यादीतील माल विक्रीसाठी ठेवण्यास दिला आहे. पूर्ण किंमत प्रत्यक्ष मिळेपर्यंत मालकी देणाऱ्याची राहील, परतीची मुदत उलटली तरीही. माल वेगळा, ओळखता येईल असा ठेवावा, तारण दाखवू नये. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत विक्रीचा हिशेब द्यावा; सलग दोन हिशेब थकल्यास विकण्याची परवानगी संपेल आणि माल तत्काळ परत करावा." शेवटची अट 'दिवाळं निघाल्यास' अशी घालू नका, थकलेल्या हिशेबाला बांधा. दिवाळं निघाल्याचं तुम्हाला कळेपर्यंत स्थगिती लागलेली असते.

दुकानात चार जणांची तांब्याची भांडी एकत्र आहेत. माझी कुठली, हे कसं दाखवू?

मठारकाम बघून कारागीर आपलं भांडं ओळखतो, पण आयआरपीला ते दिसत नाही. भांड्याच्या बुडाला ठशाने पेढीची खूण आणि क्रमांक मारा आणि तोच क्रमांक चलनाच्या यादीत लिहा. चिकटवलेलं लेबल नको, ते पुसताना निघतं आणि दुकानदार आपलं लावतो. आधीच गेलेल्या मालावर ठसा नसेल तर पुढच्या भेटीत यादी घेऊन जा, मांडणीचे फोटो काढा, नग मोजा आणि त्या मोजणीवर तारखेसह दुकानदाराची सही घ्या.